लिफ्टवाला आला, पण लिफ्ट सुरू झाली का?



या वेळचं सदर जिन्यावर बसून लिहिते आहे असं म्हटलं, तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही. गेल्या हिवाळ्यात मी आमच्या इमारतीचा जिना इतक्या वेळा चढले-उतरले, की पायऱ्या तोंडपाठ झाल्या. तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत ५४. आईनं मोजल्या होत्या. ती डोंबिवलीहून तीन महिन्यांसाठी आली होती, आणि तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

कासलबार हे काही गगनचुंबी इमारतींचं गाव नाही. काउंटी मेयोचं हे मुख्य गाव, पण चार मजले चढले की गावाबाहेरची हिरवी रानं दिसायला लागतात. इथं लिफ्ट असलेल्या राहत्या इमारती थोड्याच. आमची त्यातली एक. २४ फ्लॅट, एकच जिना आणि एकच लिफ्ट. सहा माणसांची. ही 'एकच' गोष्ट लक्षात ठेवा. मुंबईच्या टॉवरमध्ये दोन लिफ्ट असतात; एक बंद पडली तर दुसरीपुढे रांग लागते, इतकंच. आमच्याकडे बंद पडली की पडलीच.

आपल्याकडे जशी सोसायटी, तशी इथं मालकांची मिळून एक कंपनी असते. तिला ओनर्स मॅनेजमेंट कंपनी म्हणतात. जिना, छप्पर, लिफ्ट, गाड्या लावायची जागा हे सगळं त्या कंपनीच्या ताब्यात, आणि प्रत्येक फ्लॅटमालक तिचा सभासद. २०११ साली इथं बहुघरांच्या इमारतींचा कायदा झाला. वार्षिक सभा, वार्षिक वर्गणी आणि मोठ्या दुरुस्त्यांसाठी वेगळी गंगाजळी हे सगळं त्यात बसवून दिलेलं आहे. रोजचं काम बघायला एक पगारी एजंट असतो. आणि कंपनीचे संचालक कोण? तर सभेत ज्यांना वेळेवर मान खाली घालता आली नाही ते. दोन वर्षांपूर्वी मी चुकून वर बघितलं आणि संचालक झाले. आमचे हे अजून त्यावरून हसतात.

आता गोष्ट सांगते.

ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंतच्या १४ आठवड्यांत आमची लिफ्ट ११ वेळा बंद पडली. पहिल्या दोनतीन वेळा आम्ही मनावर घेतलं नाही. यंत्र आहे, चालायचंच. पण तिसऱ्या मजल्यावर, आमच्या शेजारीच, एक आयरिश आजोबा राहतात. त्यांना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला जावं लागतं. एका मंगळवारी सकाळी साडेसहाला ते कोट घालून लिफ्टपाशी उभे, खाली टॅक्सी उभी, आणि लिफ्टचं दार उघडेना. एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं आमच्या ह्यांचा खांदा धरून ते खाली उतरले. २० मिनिटं लागली. परत येताना तर अंगात त्राण नसतं त्यांच्या. तेव्हा मधे दुसऱ्या मजल्यावर खुर्ची ठेवावी लागली.

त्यानंतर दहा दिवसांनी आई लिफ्टमध्ये अडकली. तळमजल्यावरून निघाली, जरा वर गेली आणि दोन मजल्यांच्या मधे थांबली. आतलं पिवळं बटण दाबल्यावर फोन लागतो तो कंत्राटदाराच्या माणसाला. तो इंग्रजी बोलला, तेही मेयोच्या उच्चारात नव्हे तर दुसऱ्याच कुठल्यातरी. आईला त्यातलं 'वेट' एवढं समजलं. तिनं वाट पाहिली. एक तास पन्नास मिनिटं. मी दाराबाहेर बसून तिच्याशी मराठीत बोलत होते, आणि ती आतून मला धीर देत होती!

त्या रात्री मी रागानं पत्र लिहिलं. दोन पानं. 'असह्य', 'बेजबाबदार', 'तातडीनं' हे शब्द त्यात पुष्कळ होते. शेवटी मागणी अशी की यापुढे लिफ्ट बंद राहिल्यास दर तासाला ५०० युरो दंड द्यावा. लिहून फार बरं वाटलं.

आठवड्यानं उत्तर आलं. अगदी सभ्य, सहा ओळींचं. 'आमच्या नोंदींप्रमाणे प्रत्येक वेळी आमचा मेकॅनिक करारातील मुदतीत हजर झालेला आहे. करारात दंडाची तरतूद नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

मी तणतणत एजंटकडून करार मागवला आणि वाचला. मंडळी, त्यांचं खरं होतं.

करारात लिहिलं होतं: 'तक्रार आल्यापासून कामकाजाच्या चार तासांत प्रतिसाद.' हे वाक्य आम्ही सगळ्यांनी सही करताना वाचलं असणार, आणि सगळ्यांना वाटलं असणार की चार तासांत लिफ्ट सुरू होते. पण त्यातले दोन शब्द नीट बघा. कामकाजाचे तास म्हणजे सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी पाच. शुक्रवारी दुपारी तीनला लिफ्ट बंद पडली, तर शुक्रवारचे दोन तास धरायचे आणि उरलेले दोन सोमवारी साडेआठपासून. म्हणजे सोमवारी सकाळी साडेदहाला मेकॅनिक दारात आला, तर तो अगदी वेळेवर आला! मधे ६७ तास ३० मिनिटं गेली, ती कुणाच्याच हिशेबात नाहीत. दुसरा शब्द 'प्रतिसाद'. त्याचा अर्थ मेकॅनिक इमारतीत पोचला, एवढाच. लिफ्ट सुरू झाली की नाही, याबद्दल करारात चकार शब्द नव्हता.

तेव्हा मी दादाला डोंबिवलीला फोन लावला. दादा त्यांच्या सोसायटीचा अकरा वर्षं सेक्रेटरी होता. त्याचा जन्म पाण्याच्या टाकीच्या आणि लिफ्टच्या भांडणांत गेलाय. माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"वही आहे का तुझ्याकडे?"

"कसली वही?"

"मग पत्र कसलं लिहितेस? आधी वही कर. लिफ्टवाल्याला तुझा राग ऐकायची सवय असते गं. तुझ्या वहीची सवय नसते."

वही म्हणजे बंद पडण्याची नोंदवही. दादानं रकाने फोनवरच सांगितले. कधी बंद पडली ती वेळ. कुठल्या मजल्यावर, आणि दार उघडं होतं की मिटलेलं. फोन कधी केला आणि तक्रारीचा क्रमांक काय मिळाला. मेकॅनिक कधी आला आणि कधी गेला. त्यानं काय केलं, त्याच्याच शब्दांत. आणि शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: सुरू झालेली लिफ्ट त्यानंतर पुन्हा कधी बंद पडली.

मागच्या नोंदी भरायला दोन संध्याकाळी लागल्या. मेकॅनिक प्रत्येक भेटीनंतर कामाची चिठ्ठी देतो, त्या सगळ्या एजंटच्या फायलीत होत्या. शेजाऱ्यांच्या फोनमधले निरोप होते. ११ ओळी भरून झाल्यावर मी वही समोर ठेवून बसले, आणि जे तीन महिन्यांत दिसलं नव्हतं ते पाच मिनिटांत दिसलं. ११ पैकी ८ वेळा भानगड तळमजल्याच्या दाराशी होती. आणि आठही वेळा मेकॅनिकच्या चिठ्ठीवर जवळजवळ तेच शब्द: 'खाच साफ केली, यंत्रणा रिसेट केली, लिफ्ट सुरू.'

इथं थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं, कारण ते समजलं तेव्हाच मला पत्र लिहिता आलं.

लिफ्टला प्रत्येक मजल्यावर एक बाहेरचं दार असतं आणि पाळण्याला स्वतःचं एक आतलं दार. प्रत्येक बाहेरच्या दाराला कुलूप असतं, आणि कुलूप नीट बसलं की एक छोटा विजेचा संपर्क जुळतो. हे सगळे संपर्क एकाच साखळीत ओवलेले असतात. साखळीतला एक जरी मणी सुटला तरी लिफ्ट हलत नाही, चालत असेल तर जागच्या जागी थांबते. हे चांगलंच आहे. उघड्या दारानिशी पाळणा हलला तर माणूस चेंगरेल. म्हणजे लिफ्ट थांबते तेव्हा बहुतेक वेळा ती बिघडलेली नसते, घाबरलेली असते. दारं हाच तिचा सगळ्यात नाजूक भाग, कारण दिवसातून शेकडो वेळा हलतात ती दारंच.

बाहेरच्या दाराची खालची कड उंबऱ्यातल्या खाचेतून सरकते. दाराला खाली दोन छोटे तुकडे बसवलेले असतात, ते खाचेत फिरून दाराला सरळ धरतात. आमचं तळमजल्याचं दार मुख्य प्रवेशद्वाराच्या अगदी समोर आहे. बाहेर गाड्यांच्या जागेत बारीक खडी, आणि मेयोचा पाऊस तर तुम्हाला माहीतच आहे. बुटांबरोबर खडी आत यायची, खाचेत पडायची. ते दोन तुकडे तिच्यावर घासून घासून झिजले. मग दार खालून हलायला लागलं. मिटताना किंचित तिरकं बसायचं, कुलपाचा संपर्क कधी जुळायचा, कधी नाही. जुळला नाही की दार उघडायचं, पुन्हा मिटायचं, पुन्हा उघडायचं, आणि तिसऱ्या वेळी यंत्रणा हात टेकायची. आई अडकली तेव्हा संपर्क कसाबसा जुळला होता. पाळणा निघाला, धक्क्यानं संपर्क सुटला, पाळणा मधेच थांबला.

मेकॅनिक यायचा, खडी काढायचा, रिसेट करायचा, लिफ्ट चालायची. झिजलेले तुकडे तसेच. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. दुखणं तापाचं आणि औषध डोकेदुखीचं, असा प्रकार.

आता आमचीही चूक सांगते, कारण ती वहीनंच दाखवली. उरलेल्या तीन वेळांपैकी एकदा वीज गेली होती. दोन वेळा घर बदलणाऱ्या भाडेकरूंनी दारात सोफा अडकवून ते तासभर उघडं धरलं होतं. त्या दोन्हींचा दोष कंत्राटदाराच्या माथी मारणं बरोबर नाही, आणि मी तसं केलं असतं तर त्यांनी नेमक्या त्या दोनांवर बोट ठेवून बाकीच्या आठांची किंमत कमी केली असती. शिवाय आमचा सफाईवाला मुलगा व्हरांडा झाडताना कचरा सरळ त्या खाचेत लोटायचा.

आणि सगळ्यात मोठी चूक पुढेच. इथं २००७च्या सुरक्षा नियमांप्रमाणे माणसं नेणाऱ्या लिफ्टची दर सहा महिन्यांनी जाणकार तपासनीसाकडून सखोल तपासणी व्हावी लागते. हा तपासनीस देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराहून वेगळा असतो. आमच्याकडे विमा कंपनीमार्फत येतो. सप्टेंबरच्या त्याच्या अहवालात चौथ्या ओळीत लिहिलेलं होतं: तळमजल्याच्या दाराचे खालचे मार्गदर्शक तुकडे झिजले आहेत, बदलावेत. अहवाल एजंटनं फायलीला लावला. कंत्राटदाराला पाठवला की नाही हे त्यालाही आठवेना. आम्ही संचालकांनी तर तो पाहिलाच नव्हता. दादा म्हणाला, "आमच्याकडेही लिफ्ट इन्स्पेक्टरचा कागद काचेच्या चौकटीत लावतात. वाचत कुणी नाही."

तेव्हा दुसरं पत्र लिहिण्याआधी आम्ही तीन कामं केली. दाराशी जाड काथ्याची पायपुसणी टाकली, सफाईवाल्याला खाच ब्रशनं साफ करायला दाखवलं, आणि सामान हलवायचं असेल तर आधी कळवावं अशी पाटी लावली.

मग दंडाचा प्रश्न. माझ्या ५०० युरोंना पहिल्या मजल्यावरच्या वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, "हे कागदावर राहील, न्यायालयात टिकणार नाही." कारण असं. १९१५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं डनलप टायर कंपनीच्या खटल्यात एक कसोटी घालून दिली. करारात आधीच ठरवलेली रक्कम जर होणाऱ्या नुकसानीचा प्रामाणिक अंदाज असेल, तर ती वसूल करता येते. पण समोरच्याला धाक घालण्यासाठीच ती फुगवलेली असेल, तर तो दंड ठरतो आणि न्यायालय तो मान्य करत नाही. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं २०१५ साली ही कसोटी बदलली. आयर्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलनं मात्र २०१८ साली सांगितलं की इथं जुनीच कसोटी लागू आहे. भारतात गोष्ट थोडी निराळी. १८७२च्या कराराच्या कायद्यात ७४वं कलम आहे, त्याप्रमाणे करारात रक्कम कितीही लिहा, न्यायालय वाजवी भरपाई देतं आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. रस्ते दोन, पण अर्थ एकच: आकडा रागातून नाही, हिशेबातून यायला हवा.

मग हिशेब केला. वर्षाचे २४०० युरो, म्हणजे महिन्याला २०० आणि दिवसाला साधारण ७ युरो आम्ही चालत्या लिफ्टसाठी देतो. लिफ्ट बंद असली की वयस्कर रहिवाशांचं सामान आणि कचरा वरखाली करायला कंपनी एका माणसाला रोज दोन तास बोलावते, तासाला १५ युरो. ते ३०. एकूण ३७. आम्ही मागितले दिवसाला ३५. वकीलबाई म्हणाल्या, यावर कुणी विचारलं तर तुम्ही तोंड उघडू शकाल.

दुसरं पत्र संचालकांच्या सभेत ठराव करून पाठवलं. त्याचा मुख्य भाग मराठीत देते, कारण आपल्यापैकी पुष्कळजण अशाच इमारतींत राहतात.

"सोबत १४ आठवड्यांतील ११ बिघाडांची नोंद, आपल्या मेकॅनिकच्या चिठ्ठ्या व सप्टेंबरचा तपासणी अहवाल जोडला आहे. पैकी ३ बिघाडांबद्दल आमची तक्रार नाही. उरलेले ८ बिघाड एकाच दाराचे आहेत व त्यावर आठही वेळा तात्पुरता उपाय झाला. आपला मेकॅनिक मुदतीत पोचला हे आम्हांस मान्य आहे. आमची तक्रार लिफ्ट चालू न राहण्याची आहे.

"१. तळमजल्याच्या दाराचे झिजलेले तुकडे व कुलपाचा संपर्क १० दिवसांत बदलावा. हे भाग करारातील देखभालीत मोडतात.

"२. यापुढे तीन वेळा वेगवेगळ्या मोजाव्यात: फोन उचलण्याची, इमारतीत पोचण्याची व लिफ्ट सुरू होण्याची. माणूस अडकल्यास दिवस असो वा रात्र, सुट्टी असो वा नसो, एका तासात पोचावे. माणूस अडकलेला नसल्यास आठवड्याचे सातही दिवस, सकाळी आठ ते रात्री आठ, चार तासांत पोचावे. तक्रारीपासून २४ तासांत लिफ्ट सुरू व्हावी. सुटा भाग मागवावा लागल्यास तो कोणता व केव्हा येणार, हे दुसऱ्या दिवशी लेखी कळवावे.

"३. तोच बिघाड ३० दिवसांत पुन्हा झाल्यास पहिली दुरुस्ती पूर्ण झाली नाही असे धरावे. तीन महिन्यांत तो तिसऱ्यांदा झाल्यास वरिष्ठ तंत्रज्ञाने येऊन मूळ कारणाचा लेखी अहवाल द्यावा.

"४. २४ तासांनंतर लिफ्ट बंद राहील त्या प्रत्येक दिवसाचे ३५ युरो पुढील बिलातून वजा व्हावेत, महिन्यास जास्तीत जास्त २०० युरो. रकमेचा हिशेब सोबत आहे. वीज जाणे व रहिवाशांचा गैरवापर यांस हे लागू नाही.

"५. सहा महिन्यांत या मुदती तीनदा चुकल्यास ३० दिवसांच्या सूचनेने करार संपवण्याचा आम्हांस अधिकार असावा."

पाचवं कलम का, तर आमचा करार पाच वर्षांचा होता, आणि संपण्याच्या ९० दिवस आधी लेखी कळवलं नाही तर आपोआप आणखी पाच वर्षं चालू राहणारा. आपल्या करारातली ही तारीख प्रत्येकानं आजच काढून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. ती चुकली की बाकी सगळी पत्रं नुसता कागद.

या वेळी उत्तर तीन दिवसांत आलं आणि पाठोपाठ त्यांचा विभागीय मॅनेजर स्वतः. अबोल, पन्नाशीचा माणूस. वही त्यानं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाला, "दार आम्ही बदलायला हवं होतं." बस, एवढंच. माझ्या दोन पानी रागाला जे जमलं नव्हतं ते ११ ओळींना जमलं.

पण सगळं मिळालं असं नाही, तेही सांगायला हवं. एका तासाचं कलम त्यानं मान्य केलं नाही. त्याचं कारण ऐकून मी गप्प बसले. त्यांचा रात्रपाळीचा मेकॅनिक गॉलवेला असतो. गॉलवे इथून सुमारे ८० किलोमीटर. रात्री रस्ता मोकळा असला तरी सवा तास लागतो. "मी एक तास लिहून देईन आणि दर वेळी मोडेन. ते तुम्हाला हवंय का?" डब्लिन किंवा मुंबईतल्या करारातली मुदत इथं जशीच्या तशी उचलून चालत नाही. मुदत विचारण्याआधी विचारायचं, रात्री तुमचा माणूस झोपतो कुठे.

तेव्हा ९० मिनिटांवर तडजोड झाली, आणि तिच्याबरोबर दोन गोष्टी लिहून घेतल्या. अडकलेल्या माणसाला दर १५ मिनिटांनी आतल्या फोनवर उलट फोन करायचा. आणि आतला माणूस आजारी असेल, घाबरला असेल किंवा ९० मिनिटं होऊन गेली, तर मेकॅनिकची वाट न बघता आम्ही ११२ फिरवून अग्निशमन दलाला बोलवायचं. दारं वाकवून उघडल्यामुळे जे मोडेल त्याचा खर्च उशीर त्यांचा असेल तर त्यांचा. मी विचारलं, "आम्हालाच दार उघडायची चावी देता का?" तो एकदम म्हणाला, "कधीच नाही." पाळणा दोन मजल्यांच्या मधे असला की त्याच्या खाली मोकळी विहीर असते. घाईघाईनं बाहेर उडी टाकणारा माणूस तोल जाऊन त्या फटीतून खाली जाऊ शकतो. आतला माणूस आत सुरक्षित असतो, धोका बाहेर काढताना असतो. आईला मी तसं काढायचा विचार केला होता, हे मी त्याला सांगितलं नाही.

भरपाईचे ३५ युरो मान्य झाले, पण महिन्याची मर्यादा २०० ऐवजी १००. शनिवार-रविवारच्या सेवेसाठी वर्षाला ३६० युरो जास्त. म्हणजे फ्लॅटमागे १५ युरो. सभेत यावर अर्धा तास वाद झाला. तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, मी लिफ्ट वापरतच नाही. हे वाक्य मी डोंबिवलीला लहानपणी ऐकलंय, अगदी त्याच सुरात! तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा उठले आणि म्हणाले, "मीही पाच वर्षांपूर्वी वापरत नव्हतो." ठराव मंजूर झाला.

दाराचे तुकडे आणि संपर्क बदलून आता पाच महिने झाले. या काळात लिफ्ट दोनदा बंद पडली. एकदा त्याच दिवशी दुपारी सुरू झाली. दुसऱ्यांदा एका सुट्या भागासाठी २४ तासांवर एक दिवस गेला, आणि पुढच्या बिलात ३५ युरो वजा होऊन आले, न मागता. रक्कम क्षुल्लक, पण बिलावर ती ओळ पाहून मला केवढा आनंद झाला!

आई मार्चमध्ये परत गेली. विमानतळावर निघताना लिफ्टपाशी उभी राहिली, बटण दाबलं, दार उघडलं. आत शिरताना उंबऱ्यातल्या खाचेकडे वाकून बघितलं आणि म्हणाली, "स्वच्छ आहे." मग आत गेली.

वही अजून चालू आहे. आता ती जिन्याखालच्या पेटीत दोरीला बांधून ठेवली आहे, म्हणजे कुणालाही लिहिता येईल. गेल्या आठवड्यात त्यात आजोबांच्या अक्षरात एक ओळ दिसली: 'मंगळवार, सकाळी साडेसहा. लिफ्ट चालू. सगळं ठीक.' हा रकाना दादानं सांगितलेला नव्हता.